'ऑफर मान्य आहे, पण…' असं लिहिलं तर ऑर्डर पक्की होते का?

भोसरीचा_पत्रावाला
कळंबोलीच्या एका व्यापाऱ्याकडून एसएस ३०४ चं शीट घ्यायचंय. दीड एमएम, चार टन, आमच्या मापात कापून. कोटेशन असं आहे : किलोला २१२ रुपये, जीएसटी वेगळा, ५० टक्के ॲडव्हान्स, बाकी गाडी निघण्याआधी. भाव परवा संध्याकाळपर्यंत. दर चांगलाय, पण एवढे पैसे आधी गुंतवणं जमणार नाही. २० टक्के आगाऊ आणि बाकी माल मिळाल्यावर ३० दिवसांत, असं हवंय. मिल टेस्ट सर्टिफिकेट हवंय, आणि गाडी शक्यतो गुरुवारी. पार्टनर म्हणतो लिहून टाक, 'ऑफर मान्य आहे, पेमेंट मात्र असं असं'. मला भीती ही की तो पहिले तीन शब्द वाचेल आणि कॉइल कापायला लावेल. कसं लिहू?

कलम_सात
घाबरू नका. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७. स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. तुम्ही 'मात्र' लावलंत की ती स्वीकृती उरतच नाही. त्याने कापलं तर त्याचं तो बघेल. पार्टनरचं वाक्य बिनधास्त पाठवा.

खरेदीखाते_निवृत्त
कलम बरोबर सांगितलंत, पण नुकसान त्याच्या पुढे सुरू होतं. अट घालून दिलेला होकार हा तुमचा नवा प्रस्ताव ठरतो, आणि तो गेला की त्याची मूळ ऑफर तुमच्यापुरती संपते. १८४० चा इंग्लंडमधला हाइड विरुद्ध रेंच हा खटला यावरच आहे. शेत १००० पौंडांना देऊ केलं होतं, घेणारा ९५० म्हणाला, मालकाने नकार दिला. मग घेणारा म्हणाला, 'बरं, १००० ला घेतो.' कोर्टाने सांगितलं, आता करार नाही, ती ऑफर तुम्हीच मोडलीत. उद्या भाव चढला आणि तुम्ही 'ठीक आहे, तुमच्याच अटींवर द्या' म्हणालात, तर तो २२० सांगायला मोकळा आहे.

दुसरा धोका वागण्यातून येतो. कलम ८ म्हणतं की ऑफरमधल्या अटीप्रमाणे कृती केली की तीही स्वीकृतीच. समजा तुमच्या मेलला उत्तर न देता त्याने ५० टक्क्यांचा प्रोफॉर्मा धाडला आणि तुमच्या अकाउंटंटने नेहमीप्रमाणे पैसे भरले. मग तुमच्या 'मात्र'चं वजन किती उरलं? कागदावर तुम्ही अट घातलीत आणि बँकेतून सोडून दिलीत.

कलम_सात
मग मूळ मुद्दा मान्य ना, की अशा उत्तराने करार होत नाही?

खरेदीखाते_निवृत्त
होत नाही, जर ती खरंच अट असेल तर. 'तीस दिवसांचं क्रेडिट मिळालं तर बरं होईल' ही अट नव्हे, विनंती आहे. होकारासोबत विनंती जोडली तर होकार पूर्णच राहतो आणि ५० टक्के ॲडव्हान्स तुमच्या गळ्यात पडतो. मराठीत आपण भिडेखातर सगळं 'जमल्यास', 'शक्यतो' असं लिहितो, तिथेच घात होतो.

भोसरीकर, तुमच्या तीन मागण्या एका वजनाच्या नाहीत. गुरुवारची गाडी ही विनंती आहे, तुम्हीच 'शक्यतो' म्हणालात. सर्टिफिकेटचा उल्लेख कोटेशनमध्ये असेल तर ती आठवण झाली, नसेल तर अट. पेमेंट ही नक्कीच अट. अट एका परिच्छेदात ठेवा आणि विनंती अगदी शेवटी. एकाच यादीत घातल्या तर पेमेंटही त्याला 'जमल्यास'सारखंच वाटेल.

मांडववाली
आमच्या हॉलवाल्याने असंच केलं! आम्ही 'तारीख ठरली, पण जेवण आमचं' असं सांगितलं, त्याने ॲडव्हान्स घेतला आणि नंतर म्हणे केटरर आमचाच. पैसे परत मिळतील का?

खरेदीखाते_निवृत्त
ताई, तुमचं प्रकरण पावतीवर काय छापलंय त्यावर ठरेल. वेगळा धागा काढा, इथे दोन्ही गुंततील.

गाळा_नंबर_चार
काका, तुमचा मान राखून सांगतो, बाजारात असं चालत नाही. व्यापाऱ्याला वकिली मेल गेला की तो म्हणतो पार्टी कटकटी आहे, आणि दुसऱ्याला माल देतो. फोन उचला, 'शेठ, वीस टक्के देतो, बाकी महिन्यात' म्हणा. तो हो म्हणाला की आपल्या अटी छापलेली पीओ पाठवा आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का मागा. संपलं.

खरेदीखाते_निवृत्त
फोनला माझी हरकत नाही, पीओ तर हवीच. पण तुमच्या सांगण्यातला मोलाचा भाग ती दुसरी प्रत आहे आणि नेमकी तीच कोणी मागत नाही. इंग्लंडमध्ये १९७७ ला बटलर मशीन टूलच्या खटल्याचा निकाल यावरच लागला. विकणाऱ्याच्या कोटेशनमध्ये दरवाढीची अट होती, घेणाऱ्याच्या ऑर्डरमध्ये नव्हती. ऑर्डरच्या खाली फाडून परत पाठवायची चिठ्ठी होती. विकणाऱ्याने ती सही करून पाठवली, सोबत 'आमच्या कोटेशनप्रमाणे' असं पत्रही जोडलं. तरी कोर्टाने घेणाऱ्याच्या अटी धरल्या. चिठ्ठी नसती तर निकाल काय लागला असता, कोण जाणे.

अंगठा_बहाद्दर
आता कोण सही करतं? पीओचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा, समोरून अंगठा येतो. कॅनडात २०२३ मध्ये सस्कॅचेवानच्या कोर्टाने जवसाच्या कराराच्या फोटोवरचा अंगठा होकार म्हणून धरला. शेतकऱ्याला ८२ हजार डॉलरच्या वर भरावे लागले.

गाळा_नंबर_चार
तोच अंगठा आपल्या अकाउंटंटने त्याच्या प्रोफॉर्मावर दिला तर?

भोसरीचा_पत्रावाला
हेच माझ्याकडे होऊ शकतं. काका, मूळ दर हातातून न सोडता पेमेंटचं विचारता येतं का?

खरेदीखाते_निवृत्त
येतं, पण मग प्रश्न विचारा, मान्यता देऊ नका. १८८० चा स्टीव्हनसन विरुद्ध मॅकलीन हा लोखंडाच्याच सौद्याचा खटला. घेणाऱ्याने तारेने विचारलं, ४० शिलिंगला दोन महिन्यांत डिलिव्हरी चालेल का, नाहीतर जास्तीत जास्त किती मुदत द्याल? कोर्टाने म्हटलं, ही चौकशी, नवा प्रस्ताव नव्हे. ऑफर मागे घेतल्याचा निरोप पोहोचायच्या आत त्याने मूळ ऑफर स्वीकारली आणि ती टिकली. तसं तुम्ही लिहा :

'कोटेशन मिळालं, विचारात आहे. २० टक्के आगाऊ व बाकी ३० दिवसांत, असं पेमेंट आपल्याला चालेल का? ही केवळ विचारणा आहे. कृपया अजून कॉइल कापू नये.'

मर्यादाही सांगतो. त्याने परवापर्यंतची मुदत दिली असली तरी तुम्ही स्वीकारण्याआधी तो भाव मागे घेऊ शकतो, कलम ५. मुदत टिकवण्याचे वेगळे पैसे तुम्ही दिलेले नाहीत. आणि वीस टक्क्यांशिवाय माल घ्यायचाच नाही, असं ठरलेलं असेल तर चौकशीचा आडपडदा कशाला? सरळ लिहा :

'पेमेंटची वरील अट आपण लेखी मान्य केली तरच ही आमची ऑर्डर समजावी. तोवर माल कापू नये, प्रोफॉर्मा पाठवू नये.'

यात 'ऑफर मान्य' हे शब्दच येऊ देऊ नका.

गाळा_नंबर_चार
'प्रोफॉर्मा पाठवू नये' वाचून मी तरी दुखावलो असतो. 'कापू नये' पुरे.

कलम_सात
उलट मला ते ठेवावंसं वाटतं. प्रोफॉर्मा आला की अकाउंटंटचा हात शिवशिवतो.

भोसरीचा_पत्रावाला
पार्टनरला विचारलं, ५० टक्क्यांनी घ्यायची वेळ आली तर काय? तो म्हणतो, सोनं गहाण ठेवू पण दर सोडायचा नाही. म्हणजे आमची पेमेंटची अट खरी अट नव्हतीच, काका. चौकशीचा मेल पाठवतोय, आणि अकाउंटंटला सांगितलंय की या पार्टीचा एक रुपया मला विचारल्याशिवाय जाता कामा नये.

गाळा_नंबर_चार
फोन पण करा हो.