पोट बिघडल्यावर घरी काय केलंत? जलसंजीवनीचे अनुभव लिहा

रानजाई
काल रात्री साडेनऊला शेजारीण सहा वर्षांच्या लेकाला कडेवर घेऊन दाराशी आली. दुपारी कुठेतरी खाल्लेलं बाधलं असावं. संध्याकाळपासून चार उलट्या, तीन जुलाब. हातात जलसंजीवनीचं पाकीट. म्हणाली, "ताई, हे पेलाभर पाण्यात टाकू ना?"

माझ्या पोटात खड्डाच पडला. माझी लेक चार वर्षांची असताना मी नेमकं हेच केलं होतं. एक लिटरचं पाकीट एका पेल्यात ढवळलं. ती थुंकून टाकत होती आणि मी "औषध आहे गं, पी" म्हणत घोटघोट पाजत होते. दोन-तीन तासांत तिची तहान भागेचना. किरकिर, चिरक्या आवाजात रडणं, पुन्हा उलटी. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती पाण्यात कालवलंत?" रक्तात सोडियम वाढलेलं निघालं. ते झटकन उतरवता येत नाही, मेंदूला धोका असतो, म्हणून सलाईन लावून दोन दिवस हळूहळू उतरवलं. ते दोन दिवस मी विसरूच शकत नाही.

काल मी लिटरची बाटली भरून शेजारणीसमोर पाकीट कालवलं. तुमचेही अनुभव लिहा, चुकांसकट.

पाऊसवेडा
आमच्याकडे बाबा. वय ७१, मधुमेह, रक्तदाब, पाय सुजतात म्हणून लघवीची गोळी. सकाळपासून जुलाब होते. जलसंजीवनी दिली, पण रोजच्या गोळ्याही नेमाने दिल्या, कारण गोळ्या चुकवायच्या नाहीत हे डोक्यात पक्कं. संध्याकाळी उठून उभे राहिले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मोरीत पडले. तपासणीत मूत्रपिंडांवर ताण आलेला. आधीच पाणी जात होतं, त्यात गोळी आणखी पाणी काढत होती. आता पोट बिघडलं की पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारतो, कुठली चालू ठेवायची, कुठली थांबवायची. आपल्या मनाने काहीच करत नाही.

सुगरण_मावशी
पाकीट कशाला लागतं? चिमूटभर मीठ, मूठभर साखर, पाण्यात ढवळायचं. आम्ही सगळे त्यावरच वाढलो.

निशिगंध
मावशी, कल्पना बरोबर आहे, पण चिमूट आणि मूठ प्रत्येकाची वेगळी. मी लहान मुलांच्या वॉर्डात १४ वर्षं परिचारिका आहे. पाकीट नसेलच तर १ लिटर पिण्याचं पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीने वरचं निपटून. शिगोशीग चमच्यात मीठ दुपटीवर जातं. चाखून बघायचं, डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून द्यायचं. यात पोटॅशियम नसतं, पाकिटात असतं. म्हणून हे पाकीट मिळेपर्यंतच.

रानजाई, उलट्या चालू असतील तर पेला तोंडाला लावू नका. तहानलेलं मूल गटागट पितं आणि तेवढंच बाहेर काढतं. उलटी झाली की १० मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक छोटा चमचा. ५ मिलीचा चमचा धरला तर तासाला शंभर ते दीडशे मिली पोटात जातं. उलट्या ओसरल्या की प्रत्येक जुलाबानंतर १०० ते २०० मिली. कालवलेलं २४ तासांनी फेकायचं.

चांदणी
आमच्याकडे दोन पाकिटं संपली तरी जुलाब थांबले नाहीत, म्हणून बंद केलं आणि दुकानातलं चवीचं तयार पेय आणलं. पोरीने आवडीने प्यायलं. पण जुलाब वाढल्यासारखे वाटले बुवा. @पाऊसवेडा बाबा आता बरे का?

पाऊसवेडा
बरे आहेत, ताई. रोज फिरायला जातात.

निशिगंध
चांदणी, जलसंजीवनी जुलाब थांबवत नाही, जुलाबातून गेलेलं पाणी भरून काढते. "थांबले नाहीत म्हणून बंद केलं" हे वॉर्डात रोज ऐकते आणि तीच मुलं डोळे खोल गेलेली येतात. चवीच्या पेयांत बहुधा साखर फार असते. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते, म्हणून वाढल्यासारखं वाटलं. जलसंजीवनीत साखर मोजकी असते. ती मिठाला आतड्याच्या भिंतीतून आत नेते आणि त्यामागे पाणी जातं. म्हणून मधुमेह असला तरी ती अडवू नका, साखर मात्र तपासत राहा.

आजोबा_६८
१९७१ साली निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ होती. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं हेच पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातात दिलं आणि पाजायला लावलं. पाजणारी घरचीच माणसं होती. मृत्यू खूप घटले.

मृदगंध
मला रोज सकाळी मळमळतं, जळजळ होते. पाकीट घेऊ का?

चांदणी
रोजचंच असेल तर हे वेगळं दिसतंय, दाखवून घ्या ना एकदा.

खारूताई
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. माझी चूक वेगळीच. ताप १०२, शौचात रक्त, आणि दुसऱ्या दिवशी महत्त्वाची बैठक म्हणून जुलाब थांबायची गोळी घेतली. जुलाब थांबले, पोट फुगून दगड झालं, ताप चढला. डॉक्टर म्हणाले, रक्त किंवा ताप असताना ही गोळी घ्यायची नसते, घाण आत अडकते. आणि लहान मुलांना तर देऊच नका म्हणाले. बैठक तर बुडालीच, वर तीन दिवस अ‍ॅडमिट.

शब्दवेल्हाळ
दूध बंद करायचं की नाही ते सांगा कुणीतरी. सासूबाई आणि मी दरवेळी भांडतो.

निशिगंध
अंगावरचं दूध कधीच बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं. मोठ्या मुलांच्या दुधाबद्दल आमच्या दोन डॉक्टरांचंच एकमत नाही. जेवण मात्र तोडू नका, मागेल तसं थोडं थोडं द्या.

रानजाई
निशिगंध, रात्री आम्हाला सगळ्यात अवघड वाटलं ते हे, की घरी किती वेळ थांबायचं? पोरगं नुसतं पडून होतं. झोपलंय की मलूल आहे हेच कळेना.

निशिगंध
झोपलेलं मूल हाक मारली, गुदगुल्या केल्या की चिडतं, हात झटकतं. मलूल मूल डोळे उघडून पुन्हा मिटतं, चमचा पुढे केला तरी तोंड उघडत नाही. असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. तसंच शू. सहा ते आठ तास झाली नसेल, रडताना डोळ्यांत पाणी नसेल, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसत असेल, तर घरचं काम संपलं, दवाखाना गाठा. चमच्याने दिलेलंही टिकत नसेल, शौचात रक्त असेल, उलटी हिरवी असेल, तरी तेच. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, म्हातारं माणूस, तापलेली गरोदर बाई, यांच्याबाबतीत इतकंही थांबू नका.

खारूताई
आणि मोठ्यांचं? एकाला दोन-दोन दिसायला लागलं होतं, पापण्या जड, गिळता येईना. घरचे म्हणाले अशक्तपणा आहे.

निशिगंध
तो अशक्तपणा नव्हे. विष नसांवर चढल्याची खूण असू शकते. लगेच मोठ्या रुग्णालयात. पुढे काय झालं त्यांचं?

खारूताई
वेळेवर नेलं. कुकर झाला, नंतर लिहिते.

रानजाई
रात्रीचं सांगायचं राहिलं. दहा ते दीड आम्ही दोघी आळीपाळीने चमच्याने पाजत होतो, कागदावर रेघा मारत. एकदा उलटी झाली, १० मिनिटं थांबून पुन्हा सुरू केलं. शेवटची शू सातला झाली होती, म्हणून दोनला रिक्षा बोलवायचं ठरवून चपला दारात काढून ठेवल्या होत्या. पावणेदोनला तो उठून बसला आणि म्हणाला, "आई, शू." गडद पिवळी होती, पण झाली. आत्ता शेजारीण सांगून गेली, सकाळपासून दोनदा झाली आणि दुसरीचा रंग फिका होता.