अनुभव धागा: ओल्या हातानं क्रोनोग्राफचं बटण दाबलंय कधी?

सुरुवात माझ्यापासून. सेलवर चालणारं, स्टॉपवॉचवालं क्रोनोग्राफ घड्याळ आहे, मागच्या झाकणावर '10 bar', म्हणजे 100 मीटर पाण्याइतका दाब. पुण्यात पोहायला जातो. भिंतीला हात लागला की वरचं, दोनच्या बाजूचं बटण, थांबलं की चारच्या बाजूचं, काटा शून्यावर. असं आठ-नऊ महिने चाललं. मग एका दुपारी एसीच्या ऑफिसात शिरलो आणि काचेच्या आत, चारच्या कडेला, नखाएवढं धुकं दिसलं. दहा मिनिटांत गेलं. मी सोडून दिलं, तीच चूक. दोन आठवड्यांनी खालचं बटण आत गेलं की हळूहळू बाहेर यायला लागलं.

दुरुस्तीवाल्या काकांनी उघडल्यावर बटणाची स्प्रिंग तांबूस, रबरी रिंग चपटी. यंत्राला अजून गंज नव्हता, एवढंच नशीब. तुमचे अनुभव सांगा. बटण नेमकं कसं दाबता, तेही लिहा.

पोहणारा_पक्या
100 मीटर लिहिलंय म्हणजे 100 मीटरपर्यंत चालायलाच हवं ना? तरणतलाव दीड मीटर खोल. कंपनीकडे भांडा.

जुनी_घड्याळं
पक्या, अर्धं बरोबर. दीड मीटरवर पाण्याचा जादा दाब 0.15 बारच्या आसपास, तेवढ्यानं काही होत नाही. पण तो आकडा बटण न हलवलेल्या घड्याळाचा समजा. बटणाची दांडी एका नळीतून आत-बाहेर सरकते आणि मध्ये पाणी अडवायला फक्त ती रबरी रिंग असते. स्थिर असली की ती नळीला घट्ट बसते. दाबलं की ओली दांडी रिंगमधून आत सरकते, सोबत पाण्याचा पातळ थर. रिंग नवी, सिलिकॉन ग्रीस लावलेली असली तर ती तो पुसून काढते. सुकलेली, चपटी झालेली असली, किंवा मिठाचा कण अडकला, की पुसणं अर्धवट होतं. धागाकर्त्याचं पाणी एका दिवसात आलेलं नाही, दाबागणिक थोडंथोडं आलंय.

स्क्रूचं बटण असलेल्यांनी पाण्यात उतरण्यापूर्वी ते पूर्ण आवळावं, आणि पाण्यात सोडवू नये. पाण्याखाली दाबता येतील अशी बटणं असलेली थोडी घड्याळं मिळतात, पण मग तसं माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर ती सोय नाही असंच धरा.

मीनल_ठाणे
माझा प्रश्न जरा वेगळाय. शून्य केल्यावर लांब काटा 12 वर न येता दोन घरं पुढे थांबतो. हे पाण्यामुळेच झालं का? पावसात भिजले होते.

जुनी_घड्याळं
बहुधा नाही, ताई. सेलच्या घड्याळात जोराचा धक्का बसला किंवा सेल बदलला की असं होतं. बऱ्याच मॉडेलमध्ये चावी पूर्ण बाहेर ओढून बटण एकेकदा दाबलं की काटा एकेक घर सरकतो. पुस्तिका बघा. पण घड्याळ पूर्ण कोरडं असतानाच, कारण चावी ओढली की तिथली वाटही उघडी होते.

सातारकर
मी दहा वर्षं शेतावर, पावसात, बैल धुतानाही दाबतोय. काही झालं नाही. उगाच घाबरवता.

देवगडची_मी
सातारकर, तुमचं गोडं पाणी. आमच्याकडे भावानं समुद्रात दाबलं, घरी येऊन धुतलं नाही. महिन्याभरात खालचं बटण जाम, भोवती पांढरी पावडर. ते त्यानं जोरानं आत ढकललं आणि बसलं ते बसलंच.

माझी पद्धत: समुद्रातून आल्यावर आधी नळाच्या साध्या पाण्यात धुते, तेव्हा बटणाला हात लावत नाही. मग मऊ फडक्यानं पुसून ठेवते, सुकल्यावरच दाबते. आणि अंगठ्यानं सरळ, 'टिक' लागेपर्यंत. नखानं तिरकं दाबलं की दांडी एका बाजूला घासते.

टिकटिक
चावीच्या घड्याळाचं एक राहिलं. काटा पळत असताना शून्याचं बटण दाबायचं नाही. आधी थांबवा, मग शून्य. साध्या यंत्रात चालू असताना ते बटण अडतं, तिथं जोर लावला की आतलं मोडू शकतं. 'फ्लायबॅक' प्रकारात मात्र चालू असतानाच दाबायचं असतं. सेलवाल्यांपैकी काहींत तेच बटण मधली वेळ दाखवतं.

धागाकर्ता
धुकं पहिल्यांदा दिसलं तेव्हा काय करायला हवं होतं?

जुनी_घड्याळं
त्याच दिवशी उघडायला द्यायचं. खारं पाणी असेल तर तासाभराचाही उशीर नको, आणि सेल लगेच काढून घ्यायचा, नाहीतर वीज वाहत राहून आतले जोड हिरवे पडतात. तांदळाच्या डब्यात ठेवून नुसती वाफ कमी होते, मीठ आतच राहतं. आणि रिंग बदलली की पाण्याच्या दाबाची चाचणी मागून घ्या, नुसतं 'झालं' ऐकून येऊ नका.

सातारकर
बरं, रिंग बदलायची किती वर्षांनी? माझी तर एकदाही बदललेली नाही.

टिकटिक
कोणी दोन सांगतं, कोणी पाच. रोज घामात घालणारा आणि लग्नाकार्याला घालणारा एक नव्हे. तुम्ही आधी चाचणी करून बघा, दहा वर्षांचा निकाल इथे टाका.