मदत हवी आहे: बाबांची नाडी ४४ वर आली आहे, उद्या सकाळची गोळी द्यावी का?

रोहिणी_पार्ले | शनिवार, संध्या. ७.१०

बाबा ७३ वर्षांचे, आम्ही विलेपार्ले पूर्वेला राहतो. बीपीसाठी ते बऱ्याच वर्षांपासून मेटोप्रोलॉल ईआर ५० रोज सकाळी घेतात. पुलाचे जिने चढताना छाती भरून येते म्हणून मागच्या मंगळवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डिल्टियाझेम एसआर ९० सकाळी सुरू केली. जुना कागद आम्ही नेलाच नव्हता, ती चूक आमची.

घरच्या बीपी मशीनवर नाडी पूर्वी ६४ ते ६८ दाखवायची. गुरुवारी ५२ होती, आज सकाळी ४६ आणि आत्ता ४४. बीपी ११२/६४. दोन दिवस थकल्यासारखं वाटतंय म्हणतात. आज पहाटे बाथरूमला उठले तेव्हा डोळ्यांसमोर अंधारी आली आणि बेसिन धरून उभे राहिले, पडले नाहीत. आत्ता टीव्ही बघत बसलेत, छातीत दुखत नाही.

क्लिनिक सोमवारी उघडेल. तोवर थांबू का? आणि उद्या सकाळी गोळ्या द्यायच्या की नाही?

धावता_दादर | ७.२२

माझी झोपेतली नाडी ४५ असते, डॉक्टर म्हणाले उत्तम. मॅरेथॉनवाल्यांची अशीच असते. घाबरू नका.

सुहास_दहिसर | ७.३१

डिल्टियाझेम ही कॅल्शियम रोखणाऱ्या गटातली, त्या गोळ्यांनी नाडी उतरत नाही, फार तर घोट्याला सूज येते. माझ्या घरी तीन जण घेतात. दोष मेटोप्रोलॉलचा आहे, ती आजपासून बंद करा.

सिस्टर_मीनल | ७.४८

मी हृदयरोग विभागात काम करते. रोहिणीताई, आधी तुमचं उत्तर: सोमवारपर्यंत थांबू नका. आज रात्रीच कॅज्युअल्टीत नेऊन ईसीजी काढा. गोळीचा निर्णय तिथले डॉक्टर ईसीजी बघून देतील.

धावतादादा, धावपटूची नाडी सरावाने हळू झालेली असते आणि गरज पडली की लगेच वाढते. इथे ६६ ची ४४ पाच दिवसांत झाली आहे, तीही नवीन गोळी सुरू झाल्यावर, आणि उभं राहिल्यावर अंधारी येते आहे. नुसत्या आकड्यापेक्षा ही घसरण आणि ही अंधारी जास्त महत्त्वाची.

सुहासभाऊ, तुमच्या घरी बहुधा अम्लोडिपिन असेल. ती रक्तवाहिन्या सैल करते, नाडी मंद करत नाही, घोटे मात्र सुजवते. तिथपर्यंत तुमचं बरोबर. पण डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल त्याच गटातल्या असून वेगळ्या वागतात. हृदयाचा ठोका जिथे सुरू होतो तिथे आणि वरच्या कप्प्यातून खाली जाताना तो जिथे क्षणभर थांबतो तिथे, दोन्हीकडे त्या ब्रेक लावतात. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल याही त्याच दोन जागी ब्रेक लावतात, फक्त वेगळ्या मार्गाने. म्हणून दोन्ही एकत्र आल्या की परिणाम एकावर एक चढतो. काही रुग्णांना डॉक्टर ही जोडी विचारपूर्वक देतात, पण ईसीजी आणि नाडी बघत बघत. इथे एकाची गोळी दुसऱ्याला माहीतच नव्हती.

आणि मेटोप्रोलॉल स्वतःहून एकदम बंद करू नका. बरीच वर्षं घेतल्यावर शरीर अॅड्रेनलिनला जास्त संवेदनशील होतं. ब्रेक अचानक काढला तर नाडी आणि बीपी उसळतात. ज्यांच्या छातीत चढावर भरून येतं त्यांना तर त्यातून हार्ट अटॅकही येऊ शकतो.

निळूमावशी | ७.५९

आमच्या आईला मशीन ३८ दाखवत होतं. रात्री धावत गेलो, ईसीजीत नाडी ७६! म्हणून म्हणते, आधी हाताने मोजा.

सिस्टर_मीनल | ८.१०

मावशी, तुमचं म्हणणं अगदी योग्य. तुमच्या आईचे अधले मधले ठोके जास्तीचे पडत असणार. असा ठोका लवकर येतो, हृदय भरलेलं नसतं, त्यामुळे मनगटापर्यंत लाट पोचतच नाही आणि मशीन तो ठोका गाळतं. बोटावरच्या ऑक्सिमीटरचंही तेच. हात गार असेल किंवा नखाला रंग असेल तर तो आणखी चुकतो.

रोहिणीताई, निघायची तयारी चालू असताना कोणीतरी हाताने मोजून घ्या. बाबांना पाच मिनिटं शांत बसवा, बोलू देऊ नका. त्यांचा तळहात वर करून हात मांडीवर किंवा टेबलावर टेकवा. अंगठ्याच्या मुळापासून मनगटाकडे या. हाड आणि मधली ताठ शीर यांच्यामध्ये एक मऊ खाच लागते, तिथे पहिली दोन बोटं ठेवा. अंगठा ठेवू नका, त्याचीच नाडी तुम्हाला लागेल. जोरात दाबलं तर नाडी गायब होते, आधी हलकं ठेवून हळूहळू दाब वाढवा. सेकंदकाटा बघून पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण मंद नाडीत एक ठोका चुकला की चारचा फरक पडतो. ठोके घड्याळासारखे समान पडतात की मध्येच गाळतात, तेही लिहा.

रोहिणी_पार्ले | ८.२६

दोनदा मोजली, ४३ आणि ४४. ठोके समान आहेत, गाळत नाहीत. म्हणजे मशीन खरंच बोलतंय ना?

औषधवाला_गिरगाव | ८.३१

हो, दोन्ही जुळतायत म्हणजे नाडी खरंच मंद आहे.

ताई, जाताना औषधांची यादी नको, स्ट्रिपाच न्या, बाटल्यांसकट. ब्रँडचं नाव मोठं असतं, आतल्या औषधाचं खाली बारीक. एकाच गोळीत दोन औषधं असतात, बीपीच्या गोळीत अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल मिसळलेलं असतं आणि घरच्यांना ते ठाऊक नसतं. शेवटी ‘लोल’ आला की विचारा. काउंटरवर हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे डोळ्याचे थेंब. काचबिंदूसाठी बाबा काही घालतात का?

रोहिणी_पार्ले | ८.३५

हो! टिमोलॉल, सकाळ संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत. ते औषधांत धरायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

औषधवाला_गिरगाव | ८.३९

तोही त्याच गटातला. थेंब डोळ्यातून नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो. पोटातून गेलेल्या गोळीचा काही भाग यकृतात कमी होतो, थेंबाच्या बाबतीत तसं होत नाही. म्हणजे बाबांना ब्रेक दोन नाही, तीन लागले आहेत. बाटली न्या आणि हे स्पष्ट सांगा. तोही मनाने बंद करू नका, डोळ्याचा दाब वाढून गेलेली नजर परत येत नाही.

सुहास_दहिसर | ८.४४

माझं वरचं म्हणणं अम्लोडिपिनपुरतं होतं, मागे घेतो. तरी ईसीजीसाठी रात्री धावायलाच हवं का? बाबा टीव्ही बघतायत.

सिस्टर_मीनल | ८.५२

बसलेल्या माणसाला ४४ ठोके पुरतात. उठल्यावर पुरत नाहीत, म्हणूनच पहाटे बेसिन धरावं लागलं. रात्री झोपेत नाडी आणखी उतरते आणि पहाटे पुन्हा बाथरूमला उठणं आहेच.

इतरांसाठीही लिहिते. डॉक्टरांनी तुम्हाला वेगळा आकडा सांगितला असेल तर तोच धरा. सांगितला नसेल तर या गोळ्या घेणाऱ्याची बसलेली नाडी पहिल्यांदाच ५० च्या खाली गेली आणि काहीही त्रास नाही, तर पुढची गोळी घ्यायच्या आधी, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ५० च्या खाली आणि सोबत अंधारी, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त थकवा किंवा दम लागणं, तर त्याच दिवशी ईसीजी. ४० च्या खाली असेल तर त्रास नसला तरी इस्पितळ. शुद्ध हरपली, छातीत दुखतंय, बसल्या जागी दम लागतोय, घाम फुटून अंग गार पडलंय, बोलणं असंबद्ध होतंय किंवा वरचं बीपी ९० च्या खाली आहे, तर १०८ ला फोन, तेव्हा नाडी मोजत बसू नका.

ताई, लोकलने नेऊ नका, पुलाचे जिने चढायला लावू नका. टॅक्सीने कूपर किंवा जे जवळ असेल ते. वाटेत अंधारी आली तर लगेच आडवं करा आणि १०८ लावा.

रोहिणी_पार्ले | ८.५५

निघालो.

रोहिणी_पार्ले | रविवार, दुपार १२.४०

सगळ्यांचे आभार. ईसीजीत नाडी ४२ निघाली आणि पहिल्या डिग्रीचा ब्लॉक सांगितला, म्हणजे वरून खाली जाताना ठोका उशिरा पोचतोय पण प्रत्येक पोचतोय. हार्ट अटॅकसाठीची रक्ततपासणी नॉर्मल आली. क्रिएटिनिन १.३, पोटॅशियम ५.१. रात्रभर मॉनिटरवर ठेवलं. डिल्टियाझेम बंद केली, आज सकाळची मेटोप्रोलॉल थांबवून ठेवली. आत्ता नाडी ५० आहे, अंधारी नाही. पोटॅशियम दोनदा का विचारत होते ते कळलं नाही.

सिस्टर_मीनल | १.१५

कारण या गोळ्यांचं आणि किडनीचं एक दुष्टचक्र असतं. नाडी फार मंद झाली की किडनीला रक्त कमी पोचतं, किडनी दमली की पोटॅशियम साठतं, आणि साठलेलं पोटॅशियम नाडी आणखी मंद करतं. मुंबईच्या उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या, पाणी कमी गेलं आणि गोळ्या तशाच चालू राहिल्या की हे चक्र सुरू होऊ शकतं. अटेनोलॉल तर किडनीतूनच बाहेर पडते, ती अशा वेळी अंगात साठत जाते. ५.१ किंचित वर आहे. पुन्हा कधी तपासायचं ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.

डिल्टियाझेम एसआर हळूहळू सुटणारी आहे, तिचा असर उतरायला एक-दोन दिवस लागतील. आज ५० आणि उद्या ५४ असं दिसलं तर ते अपेक्षितच.

रोहिणी_पार्ले | मंगळवार, रात्री ९.०५

काल संध्याकाळी नाडी ५८ झाली तेव्हा मेटोप्रोलॉल ईआर २५ वर सुरू केली आणि आज घरी सोडलं. छातीसाठी अम्लोडिपिन ५ दिली आहे. नाडी आज सकाळी गोळीच्या आधी ५८, संध्याकाळी ६०. वहीत तारीख, वेळ, नाडी, बीपी आणि त्रास असे रकाने आखले आहेत. घरी जुनी ५० ची स्ट्रिप शिल्लक आहे, तिची अर्धी करून दिली तर २५ होईल ना?

औषधवाला_गिरगाव | ९.२०

मधोमध खाच असलेली मेटोप्रोलॉल सक्सिनेटची गोळी बहुधा अर्धी करता येते, पण स्ट्रिप घेऊन दुकानात विचारा. अर्धा तुकडा अख्खाच गिळायचा, कुटायचा किंवा चावायचा नाही, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम सुटतं. खरं सांगू का, २५ ची नवीन स्ट्रिप घ्या आणि ५० ची घरातून काढून टाका. सकाळी घाईत चुकीची स्ट्रिप हातात येते. डिल्टियाझेमचीही काढा.

रोहिणी_पार्ले | ९.३१

दोन्ही काढल्या. थेंबांचं अजून लटकलं आहे. इस्पितळातले म्हणाले नेत्रतज्ज्ञांना विचारा, त्यांची वेळ गुरुवारची आहे. तोवर टिमोलॉल चालू ठेवायला सांगितलंय.

औषधवाला_गिरगाव | ९.३८

तर मग थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. नाकात उतरणारा भाग बराच कमी होतो. एका डोळ्यात एकच थेंब, दुसरा गालावरून ओघळून वायाच जातो. या गटाबाहेरचे थेंबही मिळतात, लॅटानोप्रोस्ट वगैरे, पण बाबांच्या डोळ्याला चालतील का ते दाब आणि नस बघूनच ठरेल. ईसीजीची झेरॉक्स गुरुवारी सोबत न्या.

निळूमावशी | ९.५०

आमच्या आईचेही थेंब आहेत, नाव बघायला हवं. बाटली कपाटात आहे, उद्या सांगते.