मदत हवी आहे: आण्णा गोळी विसरत नाहीत, पण अपॉइंटमेंट विसरतात

सुनबाई_शाहूपुरी: आमचे सासरे ७४ चे, जेवणानंतरची बीपीची गोळी एकदाही चुकली नाही, पण डोळ्यांच्या डॉक्टरांची साडेचारची वेळ सलग दोनदा हुकली. परवा मी सकाळी सांगितलं, तर म्हणाले हो हो लक्षात आहे, पावणेचारचा अलार्म पण लावला होता. अलार्म वाजला, त्यांनी बंद केला, टाकीची मोटर बंद करून येतो म्हणून गेले आणि परत येऊन पेपर वाचत बसले! ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल का?

पन्हाळ्याचा_पाऊस: बी१२ तपासा आधी. वयात विसरणं आलंच की ओ.

रंकाळा_फेरी: माझीच मोटर रोज चालू राहते, टाकी वाहून शेजारची वहिनी वरडत येते. त्याला काय उपाय हाय का?

निवृत्त_मास्तर: बी१२ तपासायला हरकत नाही, पण वयात सगळंच विसरतं हे काही खरं नाही. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचो. गोळीची आठवण ताटच करून देतं, पण साडेचार वाजले हे सांगायला समोर काहीच नसतं, दुसऱ्या कामात असताना स्वतःहून घड्याळाकडे बघावं लागतं, आणि वयात तेच जड जातं. गंमत म्हणजे प्रयोगशाळेत अशा चाचण्यांत म्हातारे मागे पडतात, पण घरी दिलेली कामं, म्हणजे ठरल्या वेळी फोन करणं वगैरे, तरुणांपेक्षा चांगली करतात. डायरी, कॅलेंडर वापरतात हे एक कारण, पण तेवढंच नाही, यावर अजून वाद आहे.

तुमच्याकडे चुकलं ते अलार्म आणि चपला यांच्या मधल्या वेळात. आठवण झाल्यावर काम लगेच करता आलं नाही, तर काही सेकंदांतसुद्धा ते निसटतं, प्रयोगांत दिसलंय. सकाळी सांगितल्याचा तर दुपारी फारसा उपयोग होत नाही. अलार्म नेमका निघायच्या वेळी लावा, वर लिहा 'फाईल घे, रिक्षा बघ, डोळ्यांचा डॉक्टर', आणि चपला पायात घातल्याशिवाय बंद करायचा नाही.

सुनबाई_शाहूपुरी: ते ठेवतील का हो एवढा वेळ वाजत! 'मला काय वेड लागलंय?' म्हणतील.

निवृत्त_मास्तर: मग चहाला बांधा. त्यांनीच मोठ्यानं म्हणायचं, 'चारचा चहा झाला, कप खाली ठेवला की चपला घालणार.' फाईल कपाशेजारीच ठेवा. मात्र चिठ्ठी वाचूनही कसली अपॉइंटमेंट हेच कळेना, किंवा गोळी घेतली की नाही न आठवून दोनदा घेतली जातेय, असं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा, ते वेगळं प्रकरण.

पन्हाळ्याचा_पाऊस: दोनदा घेणं आमच्या आईचं झालंय एकदा. आता वारांचा डबा आणलाय, कप्पा रिकामा म्हणजे घेतली.

सुनबाई_शाहूपुरी: चिठ्ठी त्यांना नीट कळते, उलट आम्हालाच सांगतात सिलिंडर कधी बुक करायचा. गुरुवारी पुन्हा वेळ घेतलीय, फक्त त्या दिवशी चहाला त्यांचे मित्र येतात आणि चार ते साडेपाच गप्पा चालतात, त्याचं काय करू ते कळेना.

रंकाळा_फेरी: मित्रालाच सांगा की, रिक्षात बसवून दे म्हणून. आणि माझ्या मोटरचं राहिलंच.