मदत हवी आहे: पगारातून वसूल होणारं कर्ज महिन्याच्या मधेच बंद करताना व्याज कसं धरायचं?

ईआरपीनेक्स्ट आवृत्ती 15, सोबत लेंडिंग अ‍ॅप. कर्मचाऱ्याचं कर्ज 60,000, व्याज घटत्या शिलकीवर वार्षिक 9 टक्के, 12 हप्ते, Repay From Salary चालू. 30 जूनच्या पाचव्या हप्त्यानंतर मुद्दल 35,652 उरलं. तो 18 जुलैला सगळी रक्कम बँकेत भरतोय. माझ्या हिशेबाने 18 दिवसांचं व्याज 158 रुपये. सिस्टम पूर्ण महिन्याचं 267 धरते. Loan Repayment ची नोंद करून पाहिली, तरी जुलैच्या मसुदा पगारपत्रकात 5,247 चा हप्ता दिसतोच. मसुदा काढून पुन्हा केला, फरक नाही. जूनचा पगार सबमिट झालाय, तो रद्द करता येणार नाही. जर्नल एंट्रीने फरक मारायचा नाही, कर्जखातं जुळायला हवं. व्याजाची आकारणी 18 तारखेपर्यंतच करून, मग परतफेड आणि शेवटी पगारपत्रक, हा क्रम बरोबर आहे का?