तारखा रांगेत लावताना आलेले अनुभव

निशिगंधा_५२: आज मुलगी तिच्या ऑफिसची यादी लावताना वैतागून म्हणाली, "आई, २५ मार्च एप्रिलच्या खाली का जातोय गं?" आणि मला आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सची वही आठवली. खजिनदार काकांनी सगळं एक्सेलमध्ये घेतलं होतं. चढत्या क्रमाने लावलं की यादी अशी यायची: 02/11/2022, 03/04/2023, 12/04/2023, 25/03/2023. तारीख अक्षरं म्हणून साठली की डावीकडून एकेक अक्षर बघून क्रम लागतो, म्हणजे आधी दिवस. वर्षाकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी. मार्चचे पैसे भरलेले जोशीकाका एप्रिलवाल्यांच्या खाली, म्हणून सभेत कोण थकबाकीदार यावर तासभर जुंपली होती. तुमच्याकडचे किस्से सांगा.

बारक्या: Format Cells मध्ये जाऊन Date निवडा, संपला विषय.

कोकणी_माणूस: @बारक्या नाही संपत. सेलमध्ये अक्षरं असतील तर फॉरमॅट बदलून काही हलत नाही, करून बघ. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे एक आकडा, १ जानेवारी १९०० ला १ धरून पुढे मोजलेला. आकडा नसेल तर नटवणार कशाला? ओळखायची खूण: कॉलमचं अलाइनमेंट कुणी हाताने बदललेलं नसेल तर खरी तारीख उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे.

शमा_नागपूर: आमच्याकडे अर्ध्या उजवीकडे, अर्ध्या डावीकडे 😭 बँकेची सीएसव्ही फाइल आहे. भाजी टाकलीय, नंतर येते

कोकणी_माणूस: @शमा थांब, सॉर्ट करू नकोस! हा प्रकार सगळ्यात वाईट. संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल तर तो महिना आधी वाचतो. वरच्या यादीतला 03/04/2023 म्हणजे ३ एप्रिल, तो गुपचूप ४ मार्च होतो. 12/04/2023 होतो ४ डिसेंबर. 25/03 ला मात्र पंचविसावा महिना सापडत नाही, म्हणून तो मजकूर राहतो. सॉर्ट केलं की आकडे वर, मजकूर सगळा तळाशी. तळाला फक्त १३ ते ३१ तारखा दिसल्या की समजायचं. आणखी एक खूण: उजवीकडच्यांचे शून्य गळालेले असतात, 3/4/2023 असे.

मूळ फाइल असेल तर तिला .txt नाव देऊन एक्सेलच्या Open मधून उघड. विझार्ड येतो, तिसऱ्या पायरीवर तो कॉलम निवडून Date: DMY कर. नसेल तर शेजारच्या कॉलममध्ये हे:

```
=IF(ISNUMBER(A2),DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)),
DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2)))
```

आकडा झालेल्यांचे दिवस-महिने परत उलटवतो, उरलेल्यांचे तुकडे जोडतो. पण कॉलम असा मिश्र असेल तरच. सेटिंग भारतीय असेल तर बरोबर तारखाच बिघडवशील.

सुगरण_सुमन: फोटोंच्या तारखांचं पण कोणी सांगा ना, लग्नाचा अल्बम पार उलटासुलटा झालाय

बारक्या: ताई, फाइलच्या नावातच वर्ष आधी टाका, 2023-04-03 असं. मग अक्षरांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच. (हे तरी बरोबर ना कोकणी?)

कोकणी_माणूस: शंभर टक्के 😄 फक्त शून्य गाळू नका, नाहीतर अक्षरांच्या क्रमात 2023-10 हा 2023-4 च्या आधी येतो.

वाड्यावरचा: आमची वंशावळ. पणजोबा १८८७ चे. एक्सेल १९०० च्या आधीची तारीख घेतच नाही, मजकूरच ठेवते. आमचा सगळा कॉलम Text फॉरमॅटमध्येच भरलेला, म्हणून शेवटी क्रमासाठी वेगळा कॉलम केला:

```
=RIGHT(A2,4)&MID(A2,4,2)&LEFT(A2,2)
```

14/08/1887 चा 18870814 होतो, त्यावर सॉर्ट. चुलत्यांनी काही ठिकाणी 5/8/1902 लिहिलंय, तिथे MID भलतंच उचलतं. ती हाताने 05/08 केली. शिवाय पाच काका नुसते "श्रावण वद्य" असे आहेत, त्यांचं काय करायचं देव जाणे.

सुगरण_सुमन: श्रावण वद्यात आमच्या आजेसासूबाई गेल्या, त्या दिवशीची पुरणपोळी अजून आठवते.

शमा_नागपूर: भाजी करपली, पण मूळ फाइल सापडली 🙏 DMY ने सगळ्या उजवीकडे गेल्या. पण गेल्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये मी तो गोंधळलेला कॉलमच चिकटवला होता, तो आता साहेबांकडे आहे.

निशिगंधा_५२: अगं बाई! कुणाला कळलं का?

शमा_नागपूर: अजून तरी नाही.

गावचा_सरपंच: ग्रामपंचायतीच्या जुन्या नोंदी कुणीतरी २५/०३/२०१९ अशा देवनागरी अंकांत टाइप केल्यात. त्यावर कोकणीचं DATE वालं सूत्र लावलं तर #VALUE! येतंय.

बारक्या: Find and Replace दहा वेळा, ० ते ९. मी केलंय.

गावचा_सरपंच: चाळीस शीट आहेत रे.

बारक्या: Within मध्ये Workbook निवडा की. एकाच फाइलमध्ये आहेत ना?

गावचा_सरपंच: नाही ना.