मदत हवी आहे: बाबांचा इन्कम टॅक्स रिफंड पाच महिन्यांपासून अडकलाय

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे. बाबा निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचं रिटर्न जुलैमध्ये भरलं, आधार ओटीपीने ई-व्हेरिफायही केलं. सप्टेंबरमध्ये कलम 143(1) ची सूचना आली, 18,640 रुपये रिफंड मंजूर. पैसे मात्र अजून आले नाहीत.

आम्ही इतके दिवस वाट बघत बसलो, कारण रिटर्न प्रोसेस झालंय एवढंच पाहिलं होतं. परवा नीट उघडलं तर Refund failed दिसलं. रिटर्नमधल्या खात्याची बँक मध्यंतरी दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि आयएफएससी बदलला. पोर्टलवर जुनाच राहिला होता.

मग My Bank Accounts मध्ये नवा कोड घालून पुन्हा व्हॅलिडेशनला टाकलं. दोन दिवसांनी तेही फेल, कारण नाव जुळत नाही. पॅनवर बाबांचं पूर्ण नाव आहे, पासबुकात फक्त आद्याक्षरं आणि आडनाव. शाखेत गेलो तर म्हणाले, खात्याला पॅन जोडलेलं आहे, आमच्याकडून अडचण नाही. पण पॅन जोडलेलं असणं वेगळं आणि नाव जुळणं वेगळं, हे त्यांना कसं पटवून द्यावं?

बँकेतलं नाव केवायसी देऊन पॅनप्रमाणे करून घ्यावं, की आईबरोबरचं दुसरं खातं, ज्यात बाबा पहिले खातेदार आहेत, ते व्हॅलिडेट करून त्यावर Refund Reissue टाकावं? कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा. बाबा रोज सकाळी पासबुक भरून आणतात हो.